खाणीतला एक टन दगड कितीला पडतो

दगड जमिनीतच आहे, तो फोडायचा आणि न्यायचा एवढंच काम. मग त्याला इतका भाव कशाला, असं खडी घेणारा हमखास म्हणतो. खाण चालवणाऱ्याकडे याचं उत्तर असतं, पण बहुतेक वेळा ते महिन्याच्या बेरजेत अडकलेलं असतं. डिझेल, सुरुंगाचं बिल, पगार, भाडी आणि रॉयल्टी यांची बेरीज करायची, विकलेल्या ब्रासनं भागायचं आणि जो आकडा येईल त्याला खर्च म्हणायचं. आकडा खोटा नसतो, पण त्यातून काही कळत नाही. या महिन्यात खर्च वाढला तो होल जास्त मारल्यामुळे, बार नीट न उडाल्यामुळे की डंपर रांगेत उभे राहिल्यामुळे, हे त्या बेरजेत दिसत नाही. ते पाहायचं तर दगडाचा एक टन धरायचा आणि तो कड्यातून सुटल्यापासून बांधकामावर उतरेपर्यंत त्याच्या मागोमाग जायचं. या प्रकरणात तेच करू.

त्यासाठी एक खाण समोर ठेवू. पुण्याच्या पूर्वेला वाघोली-लोणीकंदच्या पट्ट्यात काळ्या पाषाणाच्या खाणी आहेत. तशीच एक मध्यम आकाराची खाण आपण हिशेबासाठी कल्पू. महिन्याला २५ दिवस काम, दिवसाला ६०० टन, म्हणजे महिन्याला १५,००० टन दगड. खाली जे दर धरले आहेत ते बाजाराच्या आसपासचे आहेत, पण ते हिशेबापुरते. वाचणाऱ्यानं आपल्या भागातले दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा. दर बदलले तरी रीत बदलत नाही.

ब्रास आणि टन

या धंद्यात सगळं बोलणं ब्रासमध्ये चालतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. माप साधं आहे, पण ते आकारमानाचं आहे, वजनाचं नाही, आणि दगडाचं आकारमान फोडल्यावर बदलतं. दख्खनचा घट्ट बेसॉल्ट कड्यात असतो तेव्हा एक घनमीटर साधारण २.८ टन भरतो. तोच फोडून खडी केली की मधल्या पोकळ्यांमुळे घनमीटरला साधारण १.६ टनच राहतात. म्हणून कड्यातला एक ब्रास सुमारे ७.९ टनांचा असतो आणि गाडीतला एक ब्रास सुमारे ४.५ टनांचा. दोघांनाही ब्रासच म्हणतात, पण वजनात पावणेदोन पटींचा फरक आहे.

याच फरकामुळे खाणीतले निम्मे हिशेब फसतात. होल मारणारा कड्यातल्या घनमीटरवर बोलतो, डंपरवाला गाडीतल्या ब्रासवर, वजनकाटा टनावर. खर्चाची प्रत्येक बाब टनावर आणल्याशिवाय त्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. टन कुठेही टनच राहतो.

एका होलाचा हिशेब

कामाच्या दगडावर माती आणि मुरूम असतो, तो आधी काढावा लागतो. आपल्या खाणीत १२ मीटर दगडावर २ मीटर मुरूम आहे असं धरू. म्हणजे ६ घनमीटर दगडासाठी, म्हणजेच जवळजवळ १७ टनांसाठी, १ घनमीटर मुरूम हलवायचा. त्याला ८० रुपये लागले तर टनामागे ४.८० रुपये होतात. ही बाब इथंच सोडू. जिथं मुरूम ६-७ मीटर निघतो, तिथं मात्र खाण सुरू करायची की नाही, हे याच आकड्यावर ठरतं.

खरा विषय होलापासून सुरू होतो. लहान खाणीत अजूनही ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरला जॅकहॅमर जोडून बोटभर जाडीची, दीड-दोन मीटर खोल होलं मारतात. मध्यम आणि मोठ्या खाणीत वॅगन ड्रिल लावून १०० मिलिमीटर व्यासाची होलं मारली जातात. आपण दुसरी रीत घेऊ. कड्याची उंची ६ मीटर. होलांची पहिली ओळ कड्याच्या तोंडापासून २.५ मीटर मागे, याला बर्डन म्हणतात. ओळीत दोन होलांमध्ये ३ मीटर अंतर, हे स्पेसिंग. होल कड्याच्या तळापेक्षा पाऊण मीटर खाली न्यायचं, नाहीतर तळाशी दगड सुटत नाही आणि उंचवटे राहतात. पुढच्या वेळी पोकलेन आणि डंपर त्याच उंचवट्यांवर आपटत राहतात.

एका होलाच्या वाट्याला येणारा दगड म्हणजे २.५ गुणिले ३ गुणिले ६, अर्थात ४५ घनमीटर, म्हणजेच १२६ टन. होलाची लांबी ६.७५ मीटर. मीटरला २१० रुपये दर धरला तर एक होल सुमारे १,४१८ रुपयांना पडतं आणि टनामागे ११.२५ रुपये बसतात.

आता होल भरायचं. कोरड्या होलात सगळ्यात स्वस्त स्फोटक म्हणजे ॲनफो: ९४ भाग अमोनियम नायट्रेटचे दाणे आणि ६ भाग डिझेल. ते एकटं डिटोनेटरनं नीट पेट घेत नाही, म्हणून तळाशी एक-दोन किलो काडतुसाचं स्फोटक ठेवतात. त्यात डिटोनेटर बसवतात आणि वर ॲनफो ओततात. होलाचा वरचा पावणेतीन मीटर भाग रिकामा ठेवून तो बारीक खडीनं गच्च भरायचा. याला स्टेमिंग म्हणतात. स्फोटाचा वायू तोंडातून निसटू नये, त्याची ताकद दगड फोडण्यात खर्च व्हावी, यासाठी हे बूच असतं. होल मारताना निघालेली भुकटी शेजारीच पडलेली असते म्हणून तीच आत लोटायची सवय सगळीकडे आहे. पण भुकटी उडून जाते, खडी एकमेकीत अडकून बसते. एवढ्यासाठी क्रशरवरून १० मिलिमीटरची दोन घमेली खडी आणून ठेवणं कुठल्याही खाणीला परवडतं.

आपल्या होलात चार मीटर स्फोटक बसतं: २४ किलो ॲनफो आणि २ किलो काडतुसं. ॲनफो किलोला ६० रुपये, काडतूस ९० रुपये, डिटोनेटर १५० रुपये आणि ब्लास्टरची मजुरी, स्फोटकाची गाडी, वरची जोडणी यांचे होलामागे १२० रुपये धरले, तर एक होल उडवायला १,८९० रुपये लागतात. १२६ टनांनी भागलं की टनामागे १५ रुपये. यातला आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २६ किलो स्फोटकात १२६ टन दगड सुटला, म्हणजे किलोमागे सुमारे ४.८ टन. हा आकडा पुढे पुन्हा लागेल.

होल मारणं आणि बार उडवणं मिळून टनामागे २६.२५ रुपये झाले. पूर्ण खर्चात ही रक्कम लहान आहे. लहान आहे आणि रोख जाते, म्हणून काटछाटीची पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. "होलं जरा लांब लांब मारा," असं सांगितलं की बिल लगेच कमी झालेलं दिसतं. ते पुढे कुठं जाऊन वाढतं हे तपशिलात पाहू, कारण खाणीचा नफातोटा मुख्यतः इथं ठरतो.

अंतर वाढवून बर्डन ३ मीटर आणि स्पेसिंग ३.५ मीटर केलं. एका होलाच्या वाट्याला आता १७६ टन दगड येतो. होलाचा खर्च टनाला ८ रुपये आणि सुरुंगाचा १०.७० रुपये. एकूण १८.७० रुपये, म्हणजे टनामागे साडेसात रुपयांची बचत आणि महिन्याला एक लाखाहून जास्त. कागदावर उत्तम.

पण बेसॉल्ट हा सरसकट एकजीव दगड नाही. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. काही ठिकाणी तर सरळ खांबांसारखी रचना दिसते. म्हणजे दगडाचे मोठे ठोकळे निसर्गानं आधीच कापून ठेवलेले आहेत. होलं जवळ असली तर जवळपास प्रत्येक ठोकळ्यातून स्फोटाची ताकद जाते आणि तो फुटतो. होलं लांब गेली की वायू भेगांमधून वाट काढतो, ठोकळे नुसते सुटे होऊन खाली घरंगळतात आणि अखंडच राहतात. हे बोल्डर जॉ क्रशरच्या तोंडात जात नाहीत. त्यांच्यावर पोकलेनला लावलेला ब्रेकर चालवावा लागतो.

ब्रेकरचा तास १,८०० रुपये आणि तासाला २५ टन बोल्डर फुटतात असं धरलं, तर बोल्डरच्या टनाला ७२ रुपये लागतात. पहिल्या रचनेत १० टक्के माल बोल्डर निघत होता, तेव्हा एकूण मालावर हा खर्च टनामागे ७.२० रुपये होता. लांब होलांमुळे बोल्डर २५ टक्क्यांवर गेले तर तो १८ रुपये होतो. साडेसात रुपये वाचवले आणि १०.८० रुपये ब्रेकरवर गेले. शिवाय मोठ्या ढेकळांमध्ये पोकलेनची बादली अर्धी रिकामीच वर येते, आणि हे नुकसान कुठल्याच बिलावर लिहिलेलं नसतं. ते मोजायला भरणं आणि नेणं पाहावं लागेल.

पोकलेन आणि डंपर

२० टनी पोकलेन डिझेलसह तासाला १,६०० रुपयांना पडतो आणि नीट फुटलेला माल तासाला ८० टन भरतो असं धरू. भरण्याचा खर्च टनामागे २० रुपये. क्रशर खाणीपासून जवळच आहे. डंपर १६ टन घेतो, म्हणजे भरायला १२ मिनिटं. क्रशरपर्यंत जाणं, रिकामा करणं, परत येणं आणि पोकलेनच्या बगलेला लागणं, यालाही १२ मिनिटं. एक फेरी २४ मिनिटांची. एक डंपर भरला जातो तेव्हा दुसरा फिरून येतो, म्हणून दोन डंपर असले की पोकलेन कधीच थांबत नाही आणि डंपरही थांबत नाहीत. दोन डंपरांचे तासाला २,६०० रुपये भागिले ८० टन, म्हणजे टनामागे ३२.५० रुपये.

खाणीत आतल्या आत दगड हलवायला होल आणि सुरुंग यांच्या दुप्पट पैसे लागतात, हे खाणीबाहेरच्या कुणालाही सांगितलं तर पटत नाही. धडाम आवाज सुरुंगाचा येतो, पण पैसा चाकांवर जातो.

आता लांब होलांकडे परत येऊ. बादली अर्धी भरू लागली, बोल्डर बाजूला सारण्यात वेळ गेला आणि पोकलेनचा वेग तासाला ८० वरून ६५ टनांवर आला. भरण्याचा खर्च २० वरून २४.६० रुपये झाला. दोन्ही डंपरांचं भाडं मात्र तेच आहे, म्हणून नेण्याचा खर्च ३२.५० वरून ४० रुपये झाला. ब्रेकरचे १०.८०, भरण्याचे ४.६० आणि नेण्याचे ७.५० मिळून टनामागे जवळजवळ २३ रुपये वाढले. वाचले होते साडेसात. निव्वळ तोटा टनामागे सुमारे १५ रुपये, म्हणजे महिन्याला सव्वादोन लाखांच्या वर. यात क्रशरमध्ये बोल्डर अडकून पट्टा थांबतो तो वेळ धरलेलाच नाही.

उलट दिशेनंही एक सीमा आहे. होलं फार जवळ मारली, स्फोटक जास्त ओतलं तर बोल्डर आणखी कमी होतात, पण दगडाची भुकटी वाढते, मागचा कडा तडकतो, पुढच्या ओळीची होलं ढासळतात आणि दगड लांब उडून माणसांच्या जिवावर येतात. योग्य अंतर प्रत्येक खाणीत, खरं तर प्रत्येक कड्यात, निराळं असतं. ते शोधायचा मार्ग एकच: एका वेळी थोडंसं अंतर बदलायचं आणि ब्रेकरचे तास, पोकलेनच्या फेऱ्या आणि सुरुंगाचं बिल एकाच वहीत शेजारीशेजारी लिहायचं. तीन ठेकेदारांच्या तीन वह्या असल्या की प्रत्येक जण आपला खर्च कमी करून दाखवतो आणि खाणीचा खर्च वाढतो.

खाण खोल जाते तसा आणखी एक खर्च हळूहळू चढतो. खालच्या टप्प्यावर उतरल्यामुळे डंपरची फेरी फक्त दोन मिनिटांनी वाढली, २४ ची २६ झाली, तर पोकलेनला दर फेरीमागे थोडं थांबावं लागतं. तासाला ८० च्या ऐवजी सुमारे ७४ टनच निघतात आणि भरणं व नेणं मिळून टनामागे साडेचार रुपये वाढतात. रस्त्यावर खड्डे पडले, पावसानं चढ निसरडा झाला, तरी हेच होतं. रस्त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवायचा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो, पण दोन मिनिटांची ही किंमत कळली की तसं वाटत नाही.

कड्यात काय आहे, हे कसं कळतं

वरचा हिशेब कडा सगळा घट्ट पाषाणाचा आहे असं धरून केला. दख्खनमध्ये लाव्हाचे थर एकावर एक आहेत. थराच्या माथ्याकडे बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, त्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. असा दगड ठिसूळ असतो आणि चांगल्या खडीला चालत नाही. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीसारखा पट्टा लागतो.

हे सगळं सुरुंग उडवण्याआधी होल मारणाऱ्याला कळत असतं. घट्ट पाषाणात ड्रिलमधून करडी भुकटी एकसारखी येते आणि रॉड सावकाश, एका लयीत उतरतो. भुकटी लालसर झाली की लाल पट्टा लागला. रॉड अचानक फूटभर खाली गेला की पोकळी किंवा मऊ थर आहे. चांगला ड्रिलर अशा होलाशेजारी खुणेचा दगड ठेवतो आणि ब्लास्टरला सांगतो, "या होलात खाली पोकळ आहे, बघून भरा." ते न ऐकता वरून ॲनफो ओतत राहिलं तर दाणे पोकळीत जमा होतात, एका जागी स्फोटक दुप्पट होतं, दगड भलतीकडे उडतो आणि बाकीचा कडा तसाच उभा राहतो. तिथं खडी भरून तो भाग बंद करायचा आणि वर स्फोटक भरायचं, हा त्यावरचा उपाय. होलाची खोली आणि भुकटीचा रंग लिहिणारी अर्ध्या पानाची नोंद याच्यासाठी पुरते.

पाणी हा दुसरा शत्रू. अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे ओल्या होलात ॲनफो अर्धवट जळतं. बार उडाल्यावर नारिंगी-तपकिरी धूर निघाला तर ॲनफो भिजलं होतं किंवा त्यात डिझेल कमी पडलं होतं. तो धूर विषारी असतो, तो विरेपर्यंत कुणी कड्याकडे जायचं नाही. ओल्या होलात पाणी न शिरणारी काडतुसं वापरावी लागतात आणि ती महाग पडतात. पावसाळ्यात सुरुंगाचा खर्च वाढतो तो यामुळे.

आता भागाकारातली दुरुस्ती. आपल्या खाणीचा आतला खर्च असा झाला: मुरूम ४.८०, होल ११.२५, सुरुंग १५, ब्रेकर ७.२०, भरणं २०, नेणं ३२.५०. बेरीज ९०.७५ रुपये. पण सुटलेल्या १५,००० टनांपैकी १० टक्के दगड ठिसूळ किंवा मातीमिश्रित निघून फेकावा लागला, तर १३,५०० टनच विकले जाणार. फेकलेल्या टनालाही होल मारलं होतं, तोही डंपरनं वाहिला होता. म्हणून विकाऊ टनामागे खर्च १०१ रुपये होतो.

यात उभा खर्च मिळवायचा: जागेचा मोबदला, पगार, वजनकाटा, कुंपण, परवाने, कर्जाचं व्याज. सर्वोच्च न्यायालयाच्या दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या २०१२ च्या निकालानंतर ५ हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीतून सूट राहिली नाही, त्यामुळे तो खर्चही आला. हे सगळं महिन्याला ६ लाख धरलं तर १३,५०० टनांवर टनामागे ४४ रुपये बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये विक्री ४,५०० टनांवर आली की तेच ६ लाख टनामागे १३३ रुपये होतात. पावसाळ्यात खडी महागते याचं मोठं कारण हे आहे.

रॉयल्टी

दगड हे गौण खनिज आहे. १९५७ च्या खाणी आणि खनिजे कायद्याच्या १५ व्या कलमानं गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे नियम आहेत. रॉयल्टीला सरकारी कागदात स्वामित्वधन म्हणतात. दगडाचं स्वामित्वधन ब्रासमागे ४०० रुपये होतं, ते २०२१ मध्ये ६०० रुपये झालं. त्याच्या १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यायची असते. म्हणजे ब्रासला ६६० रुपये.

हे टनावर आणायचं तर पहिला प्रश्न येतो: कुठला ब्रास? गाडीतला ४.५ टनांचा ब्रास धरला तर टनामागे १४७ रुपये होतात. खाणीचा खड्डा मोजून कड्यातला ७.९ टनांचा ब्रास धरला तर टनामागे ८४ रुपयांच्या आत येतात. वाहतुकीचा परवाना गाडीतल्या मापावर निघतो, खड्ड्याची मोजणी यंत्रानं किंवा ड्रोननं घनमापात होते. दोन्ही मोजण्या बरोबर असूनही त्यांचे ब्रास जुळत नाहीत आणि तिथून वाद उभा राहतो. खाणवाल्यानं परवान्यावरचे ब्रास आणि खड्ड्यातले ब्रास वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत आणि दोन्हींचे टन करून तुलना करावी. टन जुळले पाहिजेत, ब्रास नव्हे.

गाडीच्या मापानं पाहिलं तर आपल्या खाणीत मुरूम काढण्यापासून क्रशरच्या तोंडापर्यंतच्या सगळ्या कामाला १०१ रुपये लागतात आणि एकट्या रॉयल्टीला १४७. खर्चातली सगळ्यात मोठी एकटी बाब हीच आहे. म्हणूनच चोरीचा मोह इथंच होतो. परवान्याशिवाय निघालेली गाडी प्रामाणिक खाणीपेक्षा टनामागे १४७ रुपये स्वस्त विकू शकते. एवढी तफावत कुठलाही कुशल ब्लास्टर भरून काढू शकत नाही. पकडलं गेल्यास जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, पण पकडण्यासाठी आधी मोजता आलं पाहिजे. मघाचा ४.८ टनांचा आकडा इथं कामी येतो. स्फोटकाचा प्रत्येक किलो परवान्यावर येतो. स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय नागपूरलाच आहे. महिन्यात ३,१०० किलो स्फोटक वापरलं असेल तर दगड १५,००० टनांच्या आसपास निघाला असला पाहिजे. परवाने ८,००० टनांचेच असतील, तर उरलेला दगड कुठं गेला हे विचारायला जागा आहे. हा ताळा तलाठ्याला करता येतो तसा खाणीच्या मालकालाही, आणि मालकानं तो दर महिन्याला करावाच, कारण चोरी दर वेळी मालकच करतो असं नाही.

रॉयल्टी हा कर आहे की नाही, हा वाद अनेक वर्षं चालला. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं सांगितलं की तो कर नाही, खनिज काढू देण्याबद्दल पट्टेदारानं द्यायचा मोबदला आहे. "दगड फुकटचा" म्हणणाऱ्याला याहून नेमकं उत्तर नाही. सरकारनं ठरवलं तर हा मोबदला कमीही होतो. २०२५ च्या कृत्रिम वाळू धोरणात पात्र प्रकल्पांना ब्रासमागे ६०० ऐवजी २०० रुपये स्वामित्वधन ठेवलं. टनाच्या भाषेत ही जवळजवळ ९० रुपयांची सवलत आहे, आपल्या होल आणि सुरुंगाच्या तिपटीहून जास्त.

गेटच्या बाहेर

काम १०१, उभा खर्च ४४, रॉयल्टी १४७. क्रशरच्या तोंडाशी टन २९२ रुपयांना पडला. खडी करण्याचा खर्च पुढच्या प्रकरणात येईल. इथं फक्त गाडी रस्त्याला लागल्यावर काय होतं ते पाहू.

दहा टायरच्या टिपरचं भारासह कायदेशीर वजन साडेअठ्ठावीस टन आहे. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर माल १६ टनांच्या आसपास बसतो. बांधकाम ४० किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन ८० किलोमीटर, शहराच्या गर्दीत ताशी २५ किलोमीटरचा वेग आणि भरणं-उतरवणं धरून एका फेरीला चार तास. दिवसाला दोन फेऱ्या. गाडीचा हप्ता, विमा, चालक यांचे दिवसाला ५,५०० रुपये, म्हणजे फेरीला २,७५०. लिटरला तीन किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरून २,४०० रुपये. टायर आणि दुरुस्तीचे ६४०. फेरी ५,७९० रुपयांची, टनामागे ३६२. क्रशरच्या तोंडाशी दगडाला लागलेल्या सगळ्या खर्चापेक्षाही हा आकडा मोठा आहे. तेच बांधकाम १० किलोमीटरवर असतं तर दिवसाला पाच फेऱ्या झाल्या असत्या आणि टनामागे ११६ रुपयेच लागले असते.

या दोन आकड्यांमधून प्रत्येक किलोमीटरची किंमत निघते: टनामागे सुमारे ८ रुपये. म्हणून खडी घेताना गेटवरचा ब्रासचा भाव विचारू नका. वजनकाट्याची पावती आणि वाहतुकीचा परवाना पाहून, जागेवर पोचलेल्या टनाचा भाव विचारा. गेटवर टनामागे ४० रुपये स्वस्त असलेली खाण पाच किलोमीटर जास्त लांब असेल, तर ती स्वस्त नाही.